लांबलचक ट्रान्सक्रिप्टवरून सभेचे इतिवृत्त : निर्णय, कार्यवाही आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद कशी करावी

गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची सभा आता अनेक ठिकाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली जाते आणि एखाद्या अ‍ॅपकडून तिचे ट्रान्सक्रिप्टही मिळते. दोन तासांच्या सभेचे असे ट्रान्सक्रिप्ट सहज तीस-चाळीस पानांचे होते. सचिव ते हाती घेतात, पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि प्रत्येकाचे बोलणे थोडे थोडे आखूड करत शेवटच्या पानापर्यंत जातात. अशा रीतीने तयार झालेल्या सहा पानांत 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य आठ वेळा येते, पण ठेकेदाराला काम द्यायचे ठरले की नाही, ठरले असल्यास कोणत्या अटीवर, आणि त्याच्याशी कोणी बोलायचे, हे त्यात सापडत नाही.

ही चूक भाषेची नसून कामाच्या क्रमाची आहे. ट्रान्सक्रिप्टमध्ये बोलणे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने इतिवृत्त लिहायला घेतले की चर्चा मोठी होते आणि निर्णय तिच्यात बुडतो. म्हणून पुढे दिलेली पद्धत उलटी चालते. आधी निर्णय शोधायचे, मग त्यातून निघणारी कामे आणि ती करणारी माणसे निश्चित करायची, आणि चर्चेचा भाग सर्वांत शेवटी, निर्णय समजण्यापुरता लिहायचा. उदाहरण म्हणून समितीच्या सभेतील एकच विषय, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतला आहे. हे उदाहरण नमुन्यादाखल रचलेले असून त्यातील नावे काल्पनिक आहेत.

## टप्पा १ : लिहिण्याआधी समोर काय हवे

ट्रान्सक्रिप्ट एकटे घेऊन बसू नये. त्याच्यासोबत मूळ ध्वनिमुद्रण, सभेची विषयपत्रिका, सह्यांसह हजेरीपट आणि मागील सभेचे इतिवृत्त एवढे कागद समोर असावेत. सभेत कोटेशन, पत्रे किंवा हिशोब मांडले गेले असतील तर त्यांच्या प्रतीही घ्याव्यात, कारण बोलताना रकमा गोल केल्या जातात आणि खरा आकडा कागदावरच असतो.

ट्रान्सक्रिप्टची मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे. प्रत्येक बोलण्यापुढे वेळ छापलेली आहे ना, हे पाहावे. अ‍ॅपमध्ये वेळेसह आणि वेळेशिवाय असे दोन्ही पर्याय असतील तर वेळेसहचाच पर्याय निवडावा. वेळ नसलेले ट्रान्सक्रिप्ट वाचायला सुटसुटीत दिसते, परंतु पुढे एखाद्या वाक्याविषयी शंका आली तर दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात ते वाक्य शोधण्यात संध्याकाळ जाते.

शक्य असेल तर हे काम सभेच्या दुसऱ्या दिवशी करावे. आठवडा उलटला की 'ते मागचं तसंच ठेवा' या वाक्यातील 'मागचं' म्हणजे नेमके काय, हे बोलणाऱ्यालाही आठवत नाही.

तपासा : हजेरीपटावरील प्रत्येक नाव आणि ट्रान्सक्रिप्टमधील प्रत्येक आवाज यांची जोडी लागते का? एखादे सभासद समितीवर नसताना केवळ निमंत्रित म्हणून बसले असतील, तर त्यांच्या नावापुढे तसे आत्ताच लिहून ठेवावे. निर्णयात त्यांचे मत मोजले जात नाही.

## टप्पा २ : ट्रान्सक्रिप्ट दुरुस्त करावे, पण तीनच बाबतींत

अनेकांचा पहिला दीड तास शुद्धलेखन सुधारण्यात आणि वाक्ये नीट करण्यात जातो. त्याची मुळीच गरज नाही, कारण ट्रान्सक्रिप्ट कोणाला वाचायला द्यायचे नसते. दुरुस्ती फक्त बोलणाऱ्याचे नाव, आकडे आणि नकार या तीन गोष्टींची करावी.

बोलणाऱ्यांची नावे अ‍ॅप 'वक्ता १', 'वक्ता २' अशी देते. प्रत्येकाचा आवाज एकदा ध्वनिमुद्रणात ऐकून खरे नाव बसवावे आणि शोध-बदल करून ते सर्वत्र आणावे. इथे एक धोका असतो. दोन जण एकाच वेळी बोलले किंवा कोणी मोबाइलपासून दूर बसले असेल, तर अ‍ॅप एका माणसाचे वाक्य दुसऱ्याच्या नावावर टाकते. सगळ्या पानांवर हे तपासणे शक्य नसते, पण जिथे कोणी जबाबदारी घेतली आहे किंवा विरोध केला आहे, तिथे तो आवाज कानाने ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आकड्यांच्या बाबतीत मराठी बोलण्यात चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द बोलण्यात वेगाने येतात आणि त्यांतील 'पावणे' किंवा 'साडे' लिहिताना गळून पडते. 'पावणेपाच लाख'चे 'पाच लाख' झाले की पंचवीस हजारांचा फरक पडतो, आणि वाक्य मात्र अगदी स्वाभाविक दिसत असल्यामुळे वाचणाऱ्याला संशयही येत नाही. म्हणून रकमेचा प्रत्येक उल्लेख कागदाशी ताडून पाहावा आणि कागद नसेल तिथे ध्वनिमुद्रण ऐकावे.

तिसरी बाब नकाराची. मराठीत 'नाही' आणि 'नको' वाक्याच्या शेवटी येतात. बोलणारा शेवटी आवाज खाली आणतो किंवा त्याच क्षणी दुसरा बोलू लागतो, आणि तो एक शब्द ट्रान्सक्रिप्टमधून निसटतो. मग 'द्यायची नाही' चे 'द्यायची' उरते आणि निर्णय नेमका उलटा होतो. 'आल्याशिवाय', 'झाल्याखेरीज', 'तोपर्यंत' असे शब्द वाक्यात असून शेवटी नकार दिसत नसेल, तर ते वाक्य ध्वनिमुद्रणात ऐकलेच पाहिजे.

## टप्पा ३ : विषयानुसार तुकडे पाडावेत

आता विषयपत्रिका बाजूला ठेवून ट्रान्सक्रिप्टवरून एकदा वेगाने नजर फिरवावी आणि कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत कोणता विषय चालला, एवढेच कागदावर टिपावे. या वाचनात निर्णय शोधण्याचा मोह टाळावा.

सभा विषयपत्रिकेच्या क्रमाने क्वचितच चालते. वॉटरप्रूफिंगचा विषय संपल्यावर अर्ध्या तासाने, पार्किंगची चर्चा चालू असताना, अध्यक्ष 'आणि हां, ते गच्चीचं...' असे म्हणतात आणि आधीच्या निर्णयाला एक अट जोडतात. हा तुकडा पार्किंगखाली राहिला तर ती अट इतिवृत्तातून कायमची गळते. म्हणून प्रत्येक विषयाचे मुख्य शब्द, आपल्या उदाहरणात 'गच्ची', 'टेरेस', 'गळती', 'ठेकेदार', 'कोटेशन', संपूर्ण फाइलमध्ये शोधावेत आणि ते जिथे जिथे आले असतील ते तुकडे एकत्र आणावेत.

विषयपत्रिकेवर नसलेले जे बोलणे उरते, त्यातील काही भाग अध्यक्षांच्या परवानगीने घेतलेल्या ऐनवेळच्या विषयांचा असतो आणि बाकीचा गप्पांचा. अध्यक्षांनी परवानगी दिल्याचे वाक्य सापडले तर तो विषय ऐनवेळचा म्हणून नोंदवावा. ते सापडले नाही तर अध्यक्षांना विचारावे. आपणच तसा विषय तयार करू नये.

## टप्पा ४ : निर्णय शोधावेत, तेही शेवटाकडून

प्रत्येक विषयाचा तुकडा शेवटच्या वाक्यापासून वर वर वाचावा. सुरुवातीकडून वाचले की जोरात मांडलेली पहिली सूचना मनात बसते आणि पुढे तिच्यात झालेला बदल दुय्यम वाटू लागतो. शेवटाकडून वाचताना अखेरची स्थिती आधी दिसते आणि ती कशी आली हे मागे जाऊन पडताळता येते.

समितीच्या बोलण्यात 'हा ठराव मंजूर करण्यात येत आहे' असे वाक्य सहसा कोणी उच्चारत नाही. तिथे 'चालेल', 'करून टाका', 'फायनल', 'ठरलं मग', 'हरकत नाही' असे शब्द येतात. ते शोधून त्यांच्या जागा काढाव्यात, परंतु शब्द सापडला म्हणजे निर्णय सापडला असे मानू नये. 'बघूया', 'करायला हवं', 'विचार करू' हे निर्णय नसतात. 'हरकत नाही' हे एका सदस्याचे मत असू शकते किंवा सर्वांची संमतीही असू शकते. 'चालेल' नेमके कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आले, हे वरच्या चार-पाच वाक्यांवरूनच कळते.

प्रत्येक जागेला पुढील तीन प्रश्न विचारावेत. नेमके काय करायचे किंवा करायचे नाही, हे एका वाक्यात सांगता येते का? ते अध्यक्षांनी किंवा उपस्थितांनी स्वीकारले असल्याचे ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसते का? आणि त्यानंतर कोणी ते बदलले, मर्यादित केले किंवा पुढे ढकलले का? तिन्ही उत्तरे हाती आली तरच तो निर्णय म्हणून लिहावा. एरवी तो मुद्दा 'प्रलंबित' या शीर्षकाखाली जातो, आणि तिथे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

सावधान : ठरावाला सूचक आणि अनुमोदक लिहिण्याची प्रथा आहे, म्हणून अनेक ठिकाणी सभेनंतर जी नावे आठवतील ती भरली जातात. ट्रान्सक्रिप्टमध्ये कोणी अनुमोदन दिल्याचे दिसत नसेल तर ते नाव आपल्या मनाने घालू नये. ती माणसे उद्या 'मी अनुमोदन दिलेच नव्हते' असे म्हणाली, तर संपूर्ण इतिवृत्ताविषयी शंका उभी राहते.

## एक विषय प्रत्यक्ष सोडवून

सभा रविवार, १२ एप्रिल २०२६ रोजी झाली असे धरू. विषय क्र. ३ होता, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेकेदार निश्चित करणे. नावे बसवल्यावर, पण आकडे आणि नकार तपासण्याआधी, ट्रान्सक्रिप्ट असे दिसत होते :

> ००:४१:०५ सौ. सावंत (सचिव) : तीन कोटेशन आलीत. एक चार ऐंशी, एक साडेपाच आणि तिसरं पाच लाख.
> ००:४३:३० श्री. पाटील : तिसऱ्याचं काम मी बघितलंय, चांगलं करतो. त्यालाच देऊन टाकू.
> ००:४४:१० श्री. कुलकर्णी (अध्यक्ष) : देऊन टाकू मग. ठरलं. सर्वसाधारण सभेची पाच लाखांची मंजुरी आहेच.
> ००:४४:२२ श्री. शेख (खजिनदार) : थांबा, यात जीएसटी धरलाय का? आणि गॅरंटी किती वर्षांची ते लेखी हवं.
> ००:४५:०२ श्री. कुलकर्णी : बरोबर आहे. दोन्ही लेखी आल्याशिवाय वर्क ऑर्डर द्यायची.
> ००:४५:२० सौ. डिसूझा : मी बोलते त्यांच्याशी. रविवारपर्यंत आणते लेखी.
> ००:४५:३१ श्री. पाटील : गच्चीवरच्या कुंड्या हलवायला लागतील, सगळ्यांना कळवायला पाहिजे.
> ००:४५:४४ श्री. कुलकर्णी : हो, ते करायला हवं.
> ०१:२२:१० श्री. कुलकर्णी : आणि हां, ते गच्चीचं, अ‍ॅडव्हान्स तीस टक्क्यांच्या वर नको.
> ०१:२२:१९ श्री. शेख : तीसच. चालेल.

प्रथम दुसऱ्या टप्प्यातील दुरुस्ती करू. तिसरे कोटेशन पाच लाखांचे असते तर ते सर्वांत कमी रकमेचे ठरले नसते, तरीही त्यावर कोणी प्रश्न केला नाही, हे जरा विचित्र आहे. कोटेशनचा कागद पाहिल्यावर रक्कम ४,७५,००० रुपये निघते. सौ. सावंत 'पावणेपाच' म्हणाल्या होत्या. ००:४५:०२ या वाक्यात 'आल्याशिवाय' आहे आणि शेवटी नकार नाही. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर 'द्यायची नाही' असे स्पष्ट ऐकू येते. या दोन जागा तशाच राहिल्या असत्या तर रक्कमही चुकली असती आणि अटही उलटी झाली असती.

आता निर्णय. ००:४४:१० ला 'ठरलं' आहे आणि घाईत वाचणारा तिथेच थांबून 'तिसऱ्या ठेकेदारास काम देण्याचे सर्वानुमते मंजूर' असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात अवघ्या बारा सेकंदांत खजिनदारांनी तो निर्णय अडवला आणि अध्यक्षांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. म्हणजे निर्णय झाला तो सशर्त झाला. ०१:२२:१० ला, पार्किंगच्या चर्चेत, आगाऊ रकमेची आणखी एक अट जोडली गेली. तिला खजिनदारांनी होकार दिला आणि कोणी विरोध केला नाही. ही अट शेवटाकडून वाचताना आणि 'गच्ची' हा शब्द शोधतानाच हाती लागते.

याच उताऱ्यात एक गुंता आहे. अध्यक्ष पाच लाखांच्या मंजुरीचा आधार देतात. ४,७५,००० ही रक्कम त्या मर्यादेत बसते, पण तीत जीएसटी धरलेला नसेल तर १८ टक्क्यांचे ८५,५०० रुपये वाढून एकूण ५,६०,५०० रुपये होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर किती खर्च करता येतो हे उपविधींनी ठरवलेले असते. त्यापलीकडच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. त्यामुळे हा प्रश्न गंभीर आहे. मात्र सभेत हा हिशोब कोणी केला नाही. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या लक्षात तो आला, तर त्याने मसुदा पाठवताना वेगळ्या चिठ्ठीने अध्यक्षांना कळवावा. इतिवृत्तात मात्र 'रक्कम मर्यादेबाहेर गेल्यास सर्वसाधारण सभेची वाढीव मंजुरी घ्यावी' असे शहाणपणाचे वाक्य घालू नये. ते वाक्य कितीही योग्य असले तरी सभेत ते कोणी उच्चारलेले नाही, आणि सभेचा निर्णय सुधारण्याचा अधिकार लेखकाला नाही.

## टप्पा ५ : कार्यवाही आणि जबाबदार व्यक्ती

निर्णय आणि कार्यवाही यांची गल्लत इथे होते. 'आगाऊ रक्कम ३० टक्क्यांहून अधिक देऊ नये' हा निर्णय आहे. तो पाळायचा असतो आणि त्याला तारीख नसते. 'जीएसटी आणि गॅरंटीचा लेखी तपशील आणणे' हे काम आहे, ते कोणीतरी करून संपवायचे असते. कार्यवाहीच्या प्रत्येक नोंदीत काय करायचे, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून कळेल, या चारही गोष्टी असाव्यात.

नाव लिहिण्यात सर्वाधिक चुका होतात. ट्रान्सक्रिप्टमध्ये जबाबदारी चार तऱ्हांनी दिसते आणि चारींची नोंद वेगळी करावी लागते. व्यक्तीने स्वतः 'मी करते' म्हटले असेल तर नाव सरळ लिहावे. अध्यक्षांनी समोर बसलेल्या व्यक्तीला सांगितले आणि तिने नकार दिला नाही, तरीही नाव लिहावे, पण मसुदा तिला आवर्जून दाखवावा. गैरहजर व्यक्तीवर काम सोपवले गेले असेल तर 'श्री. अमुक यांना कळवून त्यांची संमती घेणे' हे काम होते आणि त्यासाठी उपस्थितांपैकी ज्यांनी ते स्वीकारले त्यांचे नाव येते. चौथा प्रकार म्हणजे काम करायला हवे हे सर्वांनी मान्य केले, पण कोणी घेतले नाही.

आपल्या उदाहरणातील कुंड्या हलवण्याची सूचना याच चौथ्या प्रकारची आहे. 'कळवायला पाहिजे', 'ते करायला हवं', या वाक्यांत करणारा कोणीच नाही. अशा वेळी काम सचिवांच्या नावावर टाकण्याची सवय फार घट्ट रुजली आहे, कारण सूचना काढणे हे सचिवांचेच काम असते असे आपण धरून चालतो. तसे करू नये. 'जबाबदारी निश्चित झालेली नाही' असे स्वच्छ लिहावे आणि मसुदा पाठवतानाच अध्यक्षांना नाव विचारावे. त्यांनी नंतर नाव दिले तर ते 'सभेनंतर अध्यक्षांनी निश्चित केले' अशा नोंदीसह घालावे, म्हणजे सभेत काय झाले आणि नंतर काय झाले यांची सरमिसळ होत नाही.

एका कामाला एकच नाव असावे. 'श्री. पाटील व सौ. डिसूझा' असे लिहिले की पाटील डिसूझांची वाट पाहतात आणि डिसूझा पाटलांची. दोघांनी मिळून करायचे असेल तर सभेत ज्यांनी पुढाकार घेतला त्यांचे नाव जबाबदार म्हणून आणि दुसरे 'सहकार्य' म्हणून लिहावे. त्याचप्रमाणे 'समिती', 'कार्यालय', 'सर्व सदस्य' ही नावे जबाबदारीच्या रकान्यात चालत नाहीत. संस्थेत एकाच आडनावाची दोन-तीन माणसे असतात, तिथे आद्याक्षरे आणि सदनिका क्रमांक लिहावा.

तारखांचे रूपांतर सभेच्या दिवसावरून करावे. सौ. डिसूझा १२ एप्रिलच्या रविवारी 'रविवारपर्यंत' म्हणाल्या, म्हणजे १९ एप्रिल २०२६. 'महिनाअखेर' म्हणजे ३० एप्रिल. 'परवा' हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी येतो, त्यामुळे तो आला की आजूबाजूचे क्रियापद पाहावे. 'पावसाआधी', 'गणपतीच्या आत', 'लवकरात लवकर' यांतून लेखकाने आपली तारीख काढू नये. बोललेले शब्द तसेच अवतरणचिन्हांत ठेवून पुढे 'तारीख निश्चित करावयाची आहे' असे लिहावे.

तपासा : जबाबदारीच्या प्रत्येक नावासमोर ट्रान्सक्रिप्टमधील वेळ लिहिता येते का? वेळ लिहिता येत नसेल, तर ते नाव आपल्या गृहीतकातून आलेले आहे.

## टप्पा ६ : आता लिहावे

सर्व विषयांचे निर्णय आणि कार्यवाही हाती आल्यावर लेखनाला सुरुवात करावी. वर सभेचा दिनांक, वेळ, ठिकाण, अध्यक्षस्थानी कोण होते, उपस्थितांची आणि रजा कळवलेल्यांची नावे, आणि गणसंख्या पूर्ण होती की नाही, एवढे असावे. त्यानंतर मागील इतिवृत्त वाचून कायम केल्याची नोंद, आणि मग एकेक विषय. वॉटरप्रूफिंगचा विषय असा उतरतो :

> विषय क्र. ३ : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी ठेकेदार निश्चित करणे
>
> सचिव सौ. सावंत यांनी प्राप्त झालेली तीन कोटेशन (रु. ४,८०,०००, रु. ५,५०,००० व रु. ४,७५,०००) सभेपुढे ठेवली. खजिनदार श्री. शेख यांनी रकमेत जीएसटी समाविष्ट आहे का, याची व गॅरंटीच्या कालावधीची लेखी स्पष्टता मागितली.
>
> निर्णय ३.१ : रु. ४,७५,००० चे कोटेशन देणाऱ्या ठेकेदारास काम द्यावे. मात्र जीएसटी व गॅरंटी यांविषयीचा तपशील लेखी मिळाल्याशिवाय कार्यादेश देऊ नये. (००:४४:१० ते ००:४५:०२)
> निर्णय ३.२ : ठेकेदारास एकूण रकमेच्या ३० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम देऊ नये. (०१:२२:१०)
>
> कार्यवाही ३-अ : ठेकेदाराकडून जीएसटी व गॅरंटीचा लेखी तपशील आणून सचिवांकडे देणे. जबाबदारी : सौ. डिसूझा. मुदत : १९ एप्रिल २०२६.
> कार्यवाही ३-ब : गच्चीवरील कुंड्या हलवण्याविषयी सभासदांना कळवणे. जबाबदारी व मुदत निश्चित झालेली नाही.

चर्चेला इथे दोनच वाक्ये मिळाली आहेत, कारण निर्णय समजण्यास तेवढीच लागतात. श्री. पाटील यांनी ठेकेदाराचे काम पाहिले होते हा मुद्दा वगळला आहे. तो ठेवण्यावर मतभेद होऊ शकतो, परंतु एका सदस्याची वैयक्तिक शिफारस इतिवृत्तात गेली आणि काम पुढे बिघडले, तर सारे खापर त्यांच्यावर फुटते. निवडीचे कारण म्हणून समितीने ती शिफारस उघडपणे स्वीकारली असती, तर मात्र तिची नोंद करावी लागली असती. 'सर्वानुमते' हा शब्दही घातलेला नाही, कारण उताऱ्यात सर्वांनी होकार दिल्याचे दिसत नाही. अध्यक्षांकडून खात्री झाल्यावर तो घालता येईल. कोणी विरोध केला असेल आणि त्याची नोंद मागितली असेल, तर तो नावासह आणि कारणाच्या एका वाक्यासह लिहावा. विरोधाची धार बोथट करून 'काही सूचना केल्या' असे लिहिणे हा त्या सदस्यावर अन्याय आहे.

विशेषणे टाळावीत. 'जोरदार', 'समाधानकारक', 'दुर्दैवाने' हे शब्द लेखकाचे मत सांगतात. कंसातील वेळा मसुद्यात ठेवाव्यात आणि अंतिम प्रतीतून काढाव्यात. वेळांसह असलेली प्रत सचिवांच्या दप्तरात राहू द्यावी.

## टप्पा ७ : उलट तपासणी आणि मसुद्याचे वाटप

मसुदा पूर्ण झाल्यावर तो वाचून गुळगुळीत करण्याआधी दोन्ही दिशांनी तपासावा. प्रथम इतिवृत्तातील प्रत्येक निर्णय, रक्कम, तारीख आणि नाव घेऊन ट्रान्सक्रिप्टमधील त्या वेळेला जावे. नंतर ट्रान्सक्रिप्टमध्ये चौथ्या टप्प्यात खूण केलेली प्रत्येक जागा घेऊन ती इतिवृत्तात निर्णय, कार्यवाही किंवा प्रलंबित यांपैकी कुठेतरी आली आहे का, हे पाहावे. पहिल्या तपासणीत आगंतुक वाक्ये सापडतात आणि दुसरीत गळलेली. बहुतेक जण पहिलीवरच थांबतात, म्हणून आगाऊ रकमेसारख्या अटी गळतात.

त्यानंतर सर्व कार्यवाही एका तक्त्यात शेवटी पुन्हा द्यावी आणि ती मुदतीच्या तारखेनुसार लावावी. सदस्य पूर्ण इतिवृत्त वाचत नाहीत, स्वतःचे नाव शोधतात. विषयातील नोंद आणि तक्त्यातील नोंद शब्दशः सारखी ठेवावी, अन्यथा एकाच कामाची दोन वर्णने तयार होतात.

मसुदा आधी अध्यक्षांना आणि मग उपस्थित सदस्यांना पाठवावा, आणि दुरुस्त्या कळवण्यासाठी एक ठरावीक तारीख द्यावी. ज्यांच्या नावावर काम आहे त्यांना वेगळा निरोप द्यावा, 'कार्यवाही ३-अ आपल्या नावावर १९ एप्रिलपर्यंत नोंदवली आहे, ही नोंद बरोबर आहे का?' एवढाच. समूहावर टाकलेल्या फाइलला आलेला अंगठा म्हणजे संमती असे धरू नये.

येणाऱ्या दुरुस्त्या दोन प्रकारच्या असतात. 'मी पावणेपाच म्हणाले होते' ही नोंदीची दुरुस्ती आहे. ती ध्वनिमुद्रणाशी ताडून करावी. 'आता विचार केल्यावर वाटते की तीस टक्के जास्त होतात' हे नवे मत आहे. ते इतिवृत्तात येत नाही, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर येते. कितीही ज्येष्ठ सदस्याचा आग्रह असला तरी हा फरक पाळावा, आणि आग्रह धरणाऱ्यास त्या वेळेचे ध्वनिमुद्रण ऐकवावे.

पुढील सभेची विषयपत्रिका काढताना 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' यानंतर लगेच 'मागील कार्यवाहीचा आढावा' हा विषय ठेवावा आणि तोच तक्ता 'पूर्ण', 'अपूर्ण', 'नवी मुदत' अशा रकान्यासह जोडावा. ध्वनिमुद्रण आणि ट्रान्सक्रिप्ट कोणाकडे राहील आणि इतिवृत्त कायम झाल्यावर किती काळाने पुसले जाईल, हेही समितीने ठरावाने निश्चित करावे. त्यांत सभासदांच्या थकबाकीविषयी आणि घरगुती अडचणींविषयी असे बरेच काही बोललेले असते, जे इतिवृत्तात घेतलेले नसते आणि ज्याचा त्या खोलीबाहेर कोणाशी संबंध नसतो.